खोबरेल तेलातलं एमसीटी: बाटलीवरचे ६२ टक्के आणि बाबांचं एलडीएल

वैदर्भी

नमस्कार मंडळी. या विषयावर आधी धागा निघाला असेल तर दुवा द्या, मला शोधून सापडला नाही.

माझे बाबा ६७ वर्षांचे. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. पावसाळ्यात माझ्या आतेभावाने त्यांना सकाळच्या काळ्या कॉफीत दोन मोठे चमचे खोबरेल तेल घालून प्यायला सांगितलं. त्याचं म्हणणं असं की हा मेद संपृक्त असला तरी तुपाडालड्यासारखा नाही. मध्यम साखळीचा, म्हणजे एमसीटी आहे, थेट यकृतात जातो, तिथेच जळतो, अंगावर बसत नाही आणि कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापलंय, 'एमसीटी ६२ टक्के'. बाबांनी सकाळचे तर्री पोहे बंद केले आणि त्याजागी ही कॉफी सुरू केली.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. एलडीएल ११८ होतं ते १४१ झालं. एचडीएल ४१ वरून ४६, ट्रायग्लिसराइड १५२ वरून १४४. वजन दीड किलो उतरलं. साखर नाही, थायरॉइड ठीक, कोलेस्टेरॉलची गोळी चालू नाही. आतेभाऊ म्हणतो एचडीएल चढलं, वजन उतरलं, म्हणजे तेल काम करतंय. डॉक्टर म्हणाले तेल थांबवा, पण बाहेर एवढी गर्दी होती की का ते सांगायला त्यांना वेळ मिळाला नाही. आणि बाबा कारण समजल्याशिवाय काही सोडणारे नाहीत.

माझा प्रश्न एवढाच आहे. खोबरेल तेलातलं एमसीटी शरीरात खरंच वेगळं वागतं का? वागत असेल तर एलडीएल का वाढलं?

सावजी_रस्सा

ताई, खोबरेल तेलात फोडणी दिली तर विदर्भातल्या भाज्यांना ती चव येतच नाही. आमच्याकडे सावजी रस्सा जवसाच्या नाहीतर शेंगदाण्याच्या तेलातच होतो. मटण शिजवायला खोबरेल वापरलं तर ते किती तापवायचं, जळतं का, कोणी सांगेल का?

वैदर्भी

दादा, ते स्वयंपाकाला वापरत नाहीत, कच्चंच पितात. रक्तातल्या चरबीबद्दल विचारतेय मी.

फिट_धरमपेठ

मी स्वतः गेली काही वर्षं लो कार्ब करतो आणि जिममध्ये लोकांना मार्गदर्शनही करतो, म्हणून लिहितो. आतेभावाचं मूळ म्हणणं बरोबर आहे. साधा मेद आतड्यातून लसिकावाहिन्यांत जातो आणि सगळ्या अंगभर फिरून मग यकृताकडे येतो. एमसीटीला तो फेरा पडत नाही. ते आतड्यातून पोर्टल शिरेत उतरतं आणि सरळ यकृतात पोचतं. तिथे पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात शिरायला लांब साखळीच्या मेदाला कार्निटिनचा आधार लागतो, एमसीटीला लागत नाही. म्हणून ते साठत नाही, जळतं, आणि त्यातून कीटोन बनतात. हे काही इंटरनेटवरचं फॅड नाही, शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे.

वजनावर प्रयोगही झालेत. अमेरिकेत मेरी-पिअर सेंट-ऑंज यांनी २००८ साली एमसीटी आणि ऑलिव्ह तेल यांची तुलना केली. १६ आठवड्यांत एमसीटीच्या गटाचं वजन जास्त उतरलं. तेव्हा बाबांचं दीड किलो कुठून गेलं ते उघड आहे. एलडीएल थोडं वाढलं तर घाबरू नका, एचडीएल बघा.

लक्ष्मीनगर_जुना

मी नागपूरच्या एलआयटी कॉलेजात तेल तंत्रज्ञान शिकलो आणि नोकरीचा सगळा काळ तेलाच्या प्रयोगशाळेत काढला. धरमपेठच्या मित्राने एमसीटीबद्दल जे लिहिलं ते जवळजवळ सगळं खरं आहे. अडचण अशी की ज्या वस्तूबद्दल ते खरं आहे ती वस्तू बाबांच्या कपात फार थोडी आहे.

बाटलीवरचे ६२ टक्के कुठून आले ते पाहा. खोबरेल तेलात ८ कार्बनचं कॅप्रिलिक आम्ल साधारण ७-८ टक्के असतं आणि १० कार्बनचं कॅप्रिक ६-७ टक्के. दोन्ही मिळून १४ धरा. त्यानंतर १२ कार्बनचं लॉरिक आम्ल, ते एकटंच ४८ टक्क्यांच्या आसपास. १४ आणि ४८ मिळून ६२. छापणाऱ्याने खोटं लिहिलेलं नाही, कारण रसायनशास्त्रात १२ कार्बनपर्यंतची आम्लं मध्यम साखळीतच मोजतात. पण पोर्टल शीर, कार्निटिनशिवाय प्रवेश, झटपट कीटोन हे जे गुण सांगितले जातात ते ८ आणि १० चे आहेत. १२ ला ते पूर्णपणे लागू होत नाहीत.

आता दोन मोठे चमचे म्हणजे साधारण २७ ग्रॅम तेल. त्यात ८ आणि १० मिळून पावणेचार ग्रॅम. लॉरिक १३ ग्रॅम. उरलेल्यात १४ कार्बनचं मायरिस्टिक आणि १६ कार्बनचं पामिटिक मिळून ७ ग्रॅम, आणि ही दोन तर एलडीएल वाढवण्याबद्दल जुनीच नावाजलेली आहेत. सेंट-ऑंज बाईंच्या प्रयोगातलं तेल निव्वळ ८ आणि १० चं होतं आणि लोकांना त्याचे रोज १८ ते २४ ग्रॅम दिले जात होते. तेवढं ८-१० खोबरेल तेलातून मिळवायचं तर रोज १३० ग्रॅमहून जास्त तेल प्यावं लागेल, म्हणजे नुसत्या तेलाचेच ११५० कॅलरीपेक्षा जास्त. त्यांनी स्वतःच सांगितलंय की त्यांनी वापरलेलं तेल आणि बाजारातलं खोबरेल तेल एक नव्हे.

गोंधळ व्हायला कारणही आहे. दुकानात एमसीटी तेल म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा खोबरेल नाहीतर पाम कर्नेल तेलापासूनच बनतं. तेलाचं विघटन करून मेदाम्लं सुटी करतात, त्यातून ८ आणि १० ऊर्ध्वपातनाने बाजूला काढतात आणि ती पुन्हा ग्लिसरीनला जोडतात. लॉरिक मागे राहतं आणि साबण-डिटर्जंटच्या कारखान्यात जातं. म्हणजे एमसीटी तेल खोबरेल तेलातून निघतं हे खरं, पण त्यातला मोठा भाग वजा करून.

फिट_धरमपेठ

काका, आदराने विचारतो. लॉरिकला तुम्ही लांब साखळीच्या बाजूला का ढकलताय? १० आणि १२ मध्ये फक्त दोन कार्बनचा फरक आहे.

लक्ष्मीनगर_जुना

दोन कार्बनने खूप फरक पडतो. साखळी जसजशी लांबते तसतसं आम्ल पाण्यात विरघळेनासं होतं. ८ चं आम्ल थोडंफार विरघळतं, १२ चं जवळजवळ नाही.

आमच्या प्रयोगशाळेत हा फरक रोज दिसायचा. पोलेन्स्के मूल्य नावाची जुनी चाचणी आहे. पाच ग्रॅम तेलाचा साबण करायचा, त्यात आम्ल घालून मेदाम्लं मोकळी करायची आणि ठरलेल्या वेळात, ठरलेल्या काचसामानात वाफेबरोबर ऊर्ध्वपातन करायचं. वाफेबरोबर येणारी पण पाण्यात न विरघळणारी आम्लं गाळणीवर अडकतात, ती अल्कोहोलमध्ये धुऊन घ्यायची आणि किती अल्कली लागते ते मोजायचं. त्यात मुख्यतः ८ आणि १० येतात, लॉरिक थोडंसं येतं आणि बाकी फ्लास्कमध्येच राहतं. खाद्य खोबरेल तेलाचं हे मूल्य किमान १३ असावं असा आपल्याकडचा नियम आहे. शेंगदाणा तेलात ते नगण्य. तुपात खोबरेलाची भेसळ झाली की याच मूल्याने पकडली जायची, कारण चांगल्या तुपाचं पोलेन्स्के अगदी कमी असतं आणि खोबरेल मिसळलं की ते लगेच वर जातं. वाफेच्या त्या नळीतही ८-१० आणि १२ वेगळे वागतात. शरीरातली यंत्रणा निराळी आहे, पण तिथेही कात्री साधारण त्याच ठिकाणी चालते.

आतड्याच्या पेशीत गेल्यावर लांब साखळीचं आम्ल पुन्हा ग्लिसरीनला जोडलं जातं, कायलोमायक्रॉन नावाच्या थेंबात भरलं जातं आणि लसिकेत सोडलं जातं. ८ आणि १० या जोडणीतून बहुतांशी सुटतात आणि अल्ब्युमिनला चिकटून पोर्टल शिरेने जातात. लॉरिक मात्र बहुतांश कायलोमायक्रॉनमध्येच जातं. माझ्या वाचनात साधारण ७० ते ७५ टक्के हा आकडा आहे. उरलेलं पोर्टल शिरेने जातं, म्हणून 'लॉरिक अजिबात वेगळं नाही' असंही मी म्हणणार नाही.

पथ्याची_पाटी

मी आहारतज्ज्ञ आहे, लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. काका सांगताहेत तो रस्त्याचा फरक आम्हाला डोळ्यांनी दिसतो, म्हणून लिहिते.

हृदयाची किंवा छातीची शस्त्रक्रिया झाल्यावर कधी कधी बाळाच्या छातीतली मोठी लसिकावाहिनी दुखावते आणि छातीत दुधाळ पाणी साचतं. त्याला कायलोथोरॅक्स म्हणतात. बाळाला दूध सुरू केलं की नळीतून येणारं पाणी पांढरट होतं. त्यातले ट्रायग्लिसराइड ११० मिलिग्रॅमच्या वर गेले की निदान जवळजवळ पक्कं होतं. पांढरेपणा असतो तो कायलोमायक्रॉनचा. मग त्या बाळाला लांब साखळीचा मेद जवळजवळ बंद करून एमसीटीचं विशेष दूध देतात. मेद मिळतो, कॅलरी मिळतात, पण लसिकेवर भार पडत नाही. पाणी हळूहळू स्वच्छ होऊ लागतं आणि कमी होतं.

हेच जर खोबरेल तेलावर केलं तर त्यातलं बहुतेक लॉरिक आणि त्यापुढचं सगळं लसिकेतच जाणार आणि गळती चालू राहायचा धोका राहणार. तेल एमसीटीसारखं वागतं की नाही, याची याहून स्पष्ट परीक्षा मला माहीत नाही.

शेवंता_माय

माह्या नातवाले असंच झालं होतं. हार्टचं ऑपरेशन झालं तवा छातीतून दुधासारखं पाणी येऊन राहिलं होतं. तवा नागपूरले मोठ्या दवाखान्यात एमसीटीचं तेल लिहून दिलं, पण ते भल्लं महाग पडे. घरी आल्यावर एक जण म्हणे, काहून इतका पैसा घालता, खोबरेल तेलच द्या, त्याच्यातही तेच हाय. आमी दिलं नाही, भ्यालो. पण मनात राहून गेलं की उगाच खर्च केला का? आता पोरगं बरं हाय, शाळेत जाते.

पथ्याची_पाटी

आजी, तो खर्च वाया गेला नाही. त्या टप्प्यात खोबरेल तेल म्हणजे जे बंद करायचं तेच अर्ध्याहून जास्त देणं झालं असतं. तुम्ही थांबलात ते योग्य केलं.

पूर्ण चित्र दिसावं म्हणून हेही सांगते. जिथे शुद्ध एमसीटी मिळत नाही किंवा परवडत नाही तिथे काही डॉक्टरांनी नाइलाजाने खोबरेल तेल वापरलेलं आहे, कारण ते शेंगदाणा किंवा सोयाबीन तेलापेक्षा तरी लसिकेवर थोडा कमी भार टाकेल असा हिशेब. कमी वजनाच्या बाळांच्या दुधात कॅलरी वाढवायला तेलाचे थेंब घालतात, तो वेगळा प्रश्न आहे, तिथे रस्त्याचा संबंध नसतो. कदाचित तुम्हाला सल्ला देणाऱ्याने हे दोन्ही एकत्र केलं असेल.

आणि शुद्ध एमसीटीही कोणी मनाने सुरू करू नये. त्यात लिनोलेइक आम्ल नसतं. बाळाला बराच काळ फक्त त्यावर ठेवलं तर ती कमतरता होते, म्हणून मोजून थोडं दुसरं तेल द्यावं लागतं. एकदम जास्त दिलं तर पोटात मुरडा आणि जुलाब होतात. तळायला ते चालत नाही, लवकर धूर येतो, शिजलेल्या पदार्थावर वरून घालतात.

थंडीतला_नागपूरकर

माझं साधं निरीक्षण आहे. डिसेंबरात आपल्याकडे खोबरेल तेलाची बाटली दगड होते, शेंगदाणा तेल तसंच वाहतं. जे तेल १० अंशाला गोठतं ते रक्तवाहिनीतही सिंकच्या पाइपात तूप अडकतं तसं बसत असणार. एवढा अभ्यास कशाला?

लक्ष्मीनगर_जुना

थंडीतले दादा, खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं आणि शरीर ३७ अंशांचं असतं, म्हणजे आत ते गोठण्याचा प्रश्नच येत नाही. आणि रक्तात ते तेल म्हणून फिरतही नाही. संपृक्त मेद एलडीएल वाढवतो तो गोठून नव्हे. यकृताच्या पेशीवर रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे ग्राहक असतात. १२, १४ आणि १६ कार्बनची आम्लं जास्त आली की या ग्राहकांचं काम मंदावतं, रक्तातलं एलडीएल उचललं जात नाही आणि आकडा चढतो. तुमचा निष्कर्ष जवळपास बरोबर ठिकाणी आला, पण कारण चुकलं. त्या कारणाने बघाल तर एरवी पातळ दिसतं म्हणून पामोलिनला तुम्ही निर्धोक समजाल, आणि त्यात पामिटिक भरपूर असतं.

फिट_धरमपेठ

ठीक आहे, लॉरिकचा रस्ता लसिकेचा मानला. पण लॉरिक जळतं लवकर, यावर २००० सालचा अमेरिकेतला अभ्यास आहे. निरोगी माणसांना खुणेचा कार्बन घातलेली निरनिराळी मेदाम्लं जेवणातून दिली आणि श्वासातून किती बाहेर येतो ते नऊ तास मोजलं. लॉरिक ४१ टक्के जळलेलं दिसलं, १८ कार्बनचं स्टिअरिक फक्त १३ टक्के. मग ते इतर संपृक्त मेदासारखं कसं?

लक्ष्मीनगर_जुना

चांगला मुद्दा आणला. तो अभ्यास मला मान्य आहे, माणसं मोजकीच होती पण पद्धत चांगली होती. लॉरिक या बाबतीत खरंच मधलं आहे. रस्ता बराचसा लांब साखळीचा, जळण्याचा वेग मध्यम साखळीकडे झुकणारा.

पण जळण्याचा वेग आणि एलडीएल हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि वैदर्भी ताईंच्या बाबांचा प्रश्न दुसरा आहे. त्यावर थेट मोजमाप आहे. १९९२ साली डलासमध्ये डेन्के आणि ग्रंडी यांनी लॉरिक भरपूर असलेलं तेल, पामिटिक भरपूर असलेलं तेल आणि असंपृक्त ओलेइक भरपूर असलेलं तेल आळीपाळीने खायला दिलं. ओलेइकच्या तुलनेत लॉरिकने एलडीएल वाढवलं, पामिटिकने वाढवलं त्याच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे पामिटिकपेक्षा सौम्य, पण निर्धोक नाही.

खोबरेल तेलावरचे असे प्रयोग एकत्र करून २०२० साली 'सर्क्युलेशन' या हृदयविकारावरच्या नियतकालिकात विश्लेषण आलं. त्यात १६ प्रयोग होते. सोयाबीन, सूर्यफूल, ऑलिव्ह अशा तेलांऐवजी खोबरेल घेतल्यावर एलडीएल सरासरी १० अंकांनी आणि एचडीएल सरासरी ४ अंकांनी वाढलं. बाबांचं एचडीएल ५ ने वाढलंय ते याच चालीत बसतं.

पथ्याची_पाटी

इथे मी काकांशी थोडी असहमत आहे, निदान एवढ्या ठामपणे मी बोलणार नाही. २०१८ चा केंब्रिजचा अभ्यास बघा. ५० ते ७५ वयाच्या लोकांनी चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल, लोणी किंवा ऑलिव्ह तेल खाल्लं. लोण्याने एलडीएल वाढलं. खोबरेल गटात ते ऑलिव्हच्या तुलनेत वाढलेलं दिसलं नाही, एचडीएल मात्र चढलं. आणि ते ५० ग्रॅम म्हणजे बाबांच्या जवळजवळ दुप्पट.

उलट बाजूलाही एक गोष्ट आहे. शुद्ध एमसीटी एलडीएलला अजिबात हात लावत नाही असं मानतात, पण १९९७ मध्ये डेन्के यांच्याच गटाने एमसीटी तेल मोठ्या प्रमाणात देऊन पाहिलं तर त्यानेही एलडीएल वाढलं, पामिटिकच्या साधारण निम्म्या जोराने. नंतरचे प्रयोग एकत्र केले तर एमसीटीने एलडीएलवर काही परिणाम दिसत नाही, ट्रायग्लिसराइड मात्र किंचित वाढतात. म्हणजे ८ आणि १० चांगले, १२ आणि पुढचे वाईट अशी स्वच्छ रेघ मला तरी दिसत नाही.

लक्ष्मीनगर_जुना

केंब्रिजचा अभ्यास चांगला आहे, पण लोक आपल्या घरी, आपलं नेहमीचं जेवण जेवत होते आणि ते तेल वर घेत होते. ते कशाच्या जागी आलं हे हातात नव्हतं. २०२० च्या विश्लेषणात तो धरूनही सरासरी वाढच आली. १९९७ च्या अभ्यासात माणसं फार थोडी होती आणि मात्रा रोजच्या वापराच्या पलीकडची होती, हेही सोबत सांगायला हवं. पण तुमचं म्हणणं मान्य आहे, रेघ पुसट आहे.

कोची_जावई

माझी सासुरवाडी कोचीची. तिकडे पिढ्यान्पिढ्या हेच तेल आहे, माशाला, भाजीला, सगळ्याला. सासरे ८० च्या पुढे ठणठणीत. आणि कोचीच्या अमृता संस्थेत हृदयरुग्णांवर दोन वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांना खोबरेल, निम्म्यांना सूर्यफूल. कोलेस्टेरॉलमध्ये काहीही फरक पडला नाही. ही आपल्या देशातली गोष्ट आहे, अमेरिकेची नाही.

पथ्याची_पाटी

तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि नक्कीच मोलाचा आहे. पण ते सगळे हृदयरुग्ण नेहमीच्या औषधांवर होते. त्यातलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, यकृतावरचे तेच एलडीएलचे ग्राहक वाढवतं, ज्यांना संपृक्त मेद मंदावतो. तेव्हा गोळी चालू असताना तेलाचा फरक झाकला जाऊ शकतो. बाबांची गोळी नाही.

तुमच्या सासऱ्यांना आयुष्य लाभो. पण केरळात हृदयविकार आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल दोन्ही भरपूर आहे. त्याचा दोष एकट्या तेलाला देता येत नाही, तसंच श्रेयही देता येत नाही. शिवाय तिकडे ते जेवणातलं तेल आहे, नाश्ता सोडून कॉफीत प्यायलेलं नाही.

कोची_जावई

ते मान्य. पण व्हर्जिन तेलाचं काय? वैदर्भी ताईंच्या घरी साधं तेल असेल तर तुलनाच चुकेल.

लक्ष्मीनगर_जुना

व्हर्जिनमध्ये वास राहतो, थोडे पॉलिफेनॉल राहतात. मेदाम्लांचं प्रमाण तेच. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या आलेखावर घाणीचं, व्हर्जिन आणि रिफाइंड खोबरेल शेजारी ठेवलं तर ८ ते १८ कार्बनचे सुळके सारखेच दिसतात, मी ते असंख्य वेळा पाहिलेत. जुन्या काही प्रयोगांत हायड्रोजनेटेड खोबरेल वापरलं होतं हा आक्षेप खरा आहे, पण मी वर सांगितलेल्या विश्लेषणातली वाढ त्यावर उभी नाही.

वैदर्भी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांना शेजारी बसवून काकांचा २७ ग्रॅमचा हिशेब वहीत मांडून दाखवला. पावणेचार ग्रॅम वाचल्यावर ते बराच वेळ बाटली हातात धरून बघत होते. मग म्हणाले, १० अंकांची सरासरी असेल तर माझे २३ कसे वाढले? मलाही त्याचं उत्तर देता आलं नाही.

पथ्याची_पाटी

बाबांनी बरोबर पकडलं. एक तर माणसागणिक प्रतिसाद फार वेगवेगळा असतो, सरासरी १० असली तरी कोणाला ० आणि कोणाला २५ असं होतं. दुसरं, काहीच न बदलता त्याच माणसाचं एलडीएल दोन तपासण्यांत ८-१० अंकांनी इकडेतिकडे होऊ शकतं. तिसरं, पोहे गेले. त्याबरोबर शेंगदाण्याच्या तेलातला असंपृक्त मेद गेला आणि त्याजागी संपृक्त आला. एलडीएलच्या बाबतीत काय घेतलं इतकंच काय सुटलं हेही महत्त्वाचं असतं. आणि वजन उतरण्याचं साधं कारणही त्यातच असावं, तर्री पोह्यांच्या कॅलरी गेल्या आणि तेलाच्या २४० आल्या.

म्हणून एका रिपोर्टवर भांडू नका. तेल थांबवा, बाकी काही बदलू नका, नवीन व्यायाम नाही की नवीन काढा नाही. सहा ते आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, तसंच रात्रभर उपाशी राहून रक्त द्या. एलडीएल १२५ च्या खाली आलं तर तेलाचा वाटा मोठा होता. १४० च्या आसपासच राहिलं तर दुसरं काही शोधावं लागेल आणि डॉक्टरांशी गोळीबद्दल बोलावं लागेल. रक्तदाब, सिगारेट, घरातला हृदयविकार हे सगळं मिळूनच ते ठरवतील.

फिट_धरमपेठ

ताई, आतेभावाच्या बाजूने एक शेवटचं विचारतो. तेल बंद करून शुद्ध ८-१० चं एमसीटी थोडं घेतलं तर? आणि एचडीएल ५ ने वाढलं त्याचं काहीच मोल नाही का? २००३ मध्ये मेन्सिंक यांनी ६० प्रयोग एकत्र केले तेव्हा लॉरिकने एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएलचं गुणोत्तर सुधारलं होतं.

लक्ष्मीनगर_जुना

गुणोत्तर सुधारलं होतं, हो. पण त्यानंतरच्या वर्षांत एचडीएल वाढवणारी औषधं आली, एचडीएल चढलं आणि हृदयविकाराचे झटके अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत. तेव्हापासून चढलेलं एचडीएल वाढलेलं एलडीएल भरून काढतं असं धरायला मी तयार नाही. खोबरेल तेलाने झटके वाढतात की कमी होतात हे थेट मोजणारा मोठा, लांबचा प्रयोग माझ्या पाहण्यात नाही. आपण सगळे रक्तातल्या आकड्यांवरून बोलतोय.

पथ्याची_पाटी

आणि शुद्ध एमसीटीबद्दल, बाबांना ते घ्यायचं कारण काय? मेद पचण्याचा किंवा लसिकेचा आजार नाही. ग्रॅममागे ८.३ कॅलरी, साध्या तेलापेक्षा जेमतेम कमी. मी देणार नाही.

फिट_धरमपेठ

इथे माझं मत वेगळं आहे, पण बाबांच्या वयात मी आग्रह धरणार नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मात्र यापुढे बाटलीवर ८ आणि १० वेगळे लिहिलेत का ते बघायला सांगेन.

वैदर्भी

बाबा तयार झाले. संक्रांतीनंतर रक्त देऊ आणि इथे लिहीन. उद्यापासून पोहे सुरू, तर्री कमी. त्यांचा एक प्रश्न राहिलाय, इडलीबरोबरची ओल्या खोबऱ्याची चटणीही बंद करायची का?

पथ्याची_पाटी

नाही. ओल्या खोबऱ्यात साधारण एक तृतीयांश मेद असतो. चटणीत त्यांच्या वाट्याला २० ग्रॅम खोबरं आलं तर सहा-सात ग्रॅम मेद जातो, तोही चोथ्यासकट आणि रोज नाही. कॉफीतले २७ ग्रॅम रोज जात होते. चटणी खाऊ द्या. फक्त तपासणीच्या आधीच्या आठवड्यांत नेहमीपेक्षा जास्त नको, म्हणजे आकडा वाचताना गोंधळ होणार नाही.